नोटीस पाठवली खरी, पण ती पोहोचली कधी?
करारातील नोटिशीच्या कलमाचा हिशेब

व्यापारी बांधव करार करताना दर, माल, मुदत आणि पैसे देण्याची तारीख या चार गोष्टी बारकाईने पाहतात. कराराच्या शेवटच्या पानावर 'नोटीस' असे शीर्षक असलेले एक कलम असते. ते वकिलाने सवयीने घातलेले असते आणि दोन्ही पक्ष ते न वाचता सही करतात. पुढे संबंध बिघडले, करार संपवायची वेळ आली की सगळा वाद त्याच पाच-सात ओळींवर येऊन थांबतो. नोटीस दिली की नाही, दिली तर कोणत्या पत्त्यावर, आणि ती कोणत्या तारखेला पोहोचली असे मानायचे, या प्रश्नांची उत्तरे तिथेच असतात.

हा विषय नुसत्या नियमांनी समजत नाही. म्हणून आपण एक उदाहरण घेऊ आणि त्याच्या तारखा कॅलेंडर समोर ठेवून मोजू. उदाहरण कल्पित आहे, पण असे प्रसंग बाजारात नेहमी घडतात.

मालेगावच्या व्यापाऱ्याचा करार

समजा, मालेगावातील एका कापड उत्पादकाने मुंबईच्या एका सूत पेढीशी 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 असा एक वर्षाचा करार केला. दरमहा 50 किलोच्या 100 गोण्या ठरलेल्या दराने उचलायच्या, असे ठरले. करारात पुढे अशी अट होती की, मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी कोणत्याही पक्षाने करार पुढे चालू ठेवायचा नसल्याची नोटीस दिली नाही, तर करार त्याच दराने आणखी एक वर्षासाठी आपोआप वाढेल.

वर्षभरात सुताचा भाव उतरला. बाजारभावापेक्षा कराराचा दर किलोमागे 12 रुपये जास्त पडू लागला. महिन्याला 5,000 किलो सूत घ्यायचे म्हणजे दरमहा 60,000 रुपयांचा आणि वर्षाला 7 लाख 20 हजार रुपयांचा भुर्दंड. साहजिकच आमच्या उत्पादकाला करार वाढू द्यायचा नव्हता.

आता नोटिशीचे कलम पाहा. त्याचा आशय असा होता :

'या करारान्वये द्यावयाची प्रत्येक नोटीस लेखी असेल आणि ती करारात दिलेल्या पत्त्यावर हातोहात, रजिस्टर्ड पोस्टाने वा स्पीड पोस्टाने, कुरिअरने किंवा करारात दिलेल्या ईमेलवर पाठवली पाहिजे. हातोहात दिलेली नोटीस पोच घेतली त्याच दिवशी, कुरिअरने पाठवलेली नोटीस रवाना केल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि पोस्टाने पाठवलेली चौथ्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असे मानले जाईल. ईमेलने पाठवलेली नोटीस पाठवली त्याच वेळी मिळाली असे मानले जाईल. मात्र ती कामकाजाच्या दिवशी सायंकाळी 6 नंतर किंवा सुटीच्या दिवशी पाठवली असल्यास पुढील कामकाजाच्या दिवशी मिळाली असे मानले जाईल. ईमेलने दिलेल्या नोटिशीची प्रत त्याच दिवशी कुरिअरने रवाना केली पाहिजे. पत्त्यात बदल झाल्यास तो या कलमानुसार नोटीस देऊनच कळवावा लागेल. तोपर्यंत करारातील पत्ताच योग्य समजला जाईल. कामकाजाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी मुंबईत बँका सर्वसाधारण व्यवहारासाठी उघड्या असतात तो दिवस.'

उत्पादकाने तीन वेळा नोटीस दिली. 20 फेब्रुवारीला त्याने सूत पेढीच्या मुनिमाला व्हॉट्सअॅपवर 'एप्रिलपासून माल घेणार नाही' असे कळवले आणि मुनिमाने 'ठीक आहे' असे उत्तर दिले. 25 फेब्रुवारीला, मंगळवारी, त्याने रीतसर पत्र तयार करून कुरिअरने पाठवले. पत्ता त्याने पेढीच्या ताज्या बिलावरून घेतला, कारण पेढीने मधल्या काळात कार्यालय हलवले होते. ते पत्र 27 तारखेला पोहोचले आणि पेढीच्या शिक्क्यानिशी पोचही मिळाली. तरीही मन शांत होईना, म्हणून 28 फेब्रुवारीला, शुक्रवारी, सायंकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी त्याने त्याच पत्राची प्रत करारात दिलेल्या ईमेलवर पाठवली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेढीकडून 100 गोण्यांचे बिल आले, सोबत पत्र होते : 'कराराप्रमाणे मुदतीत वैध नोटीस मिळालेली नाही. करार 31 मार्च 2026 पर्यंत वाढला आहे.'

उत्पादक चकित झाला. तीन-तीन नोटिसा दिल्या, समोरच्याला सगळे ठाऊक होते, मग वैध नोटीस नाही कशी? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी एक समज दूर करावा लागेल.

'रजिस्टर केले की झाले' हा समज कुठून आला?

आपल्या व्यापाऱ्यांना नोटिशीचा परिचय बहुधा चेक न वटल्याच्या प्रकरणातून झालेला असतो. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 नुसार चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेक देणाऱ्याने पैसे भरायचे असतात. त्या बाबतीत कायदा नोटीस देणाऱ्याच्या मदतीला येतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1897 चे कलम 27 सांगते की, केंद्रीय कायद्याने एखादी गोष्ट पोस्टाने बजावण्याची मुभा दिली असेल, तर योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेले पत्र नेहमीच्या क्रमात ज्या वेळी पोहोचले असते त्या वेळी ते बजावले गेले असे मानावे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर राहते.

सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये के. भास्करन विरुद्ध शंकरन वैद्यन बालन या प्रकरणात 'अनक्लेम्ड' शेरा मारून परत आलेले पत्र बजावले गेले असे मानता येते, हे स्पष्ट केले. पुढे 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी विरुद्ध पालापेट्टी मुहम्मद या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व उचलून धरले आणि सांगितले की, ज्याला नोटीस मिळालीच नाही असे म्हणायचे आहे त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम भरून टाकावी. न भरणाऱ्याला नोटीस मिळाली नाही ही तक्रार करता येणार नाही.

हे सर्व ठीक आहे. पण ते कायद्याने आवश्यक ठरवलेल्या नोटिशीबद्दल आहे. दोन व्यापाऱ्यांनी आपसात केलेल्या कराराची नोटीस ही कराराची बाब आहे. तिथे कलम 27 थेट लागू होत नाही. नेहमीच्या व्यवहारक्रमावरून न्यायालयाला अनुमान काढता येते. ही तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 114 मध्ये होती आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मध्ये आहे. पण अनुमानाची पाळी तेव्हा येते, जेव्हा करार गप्प असतो. करारानेच पत्ता, साधन आणि पोहोचण्याची तारीख ठरवून दिली असेल, तर न्यायाधीश किंवा लवाद पहिल्यांदा करारच उघडणार. समोरच्याला 'माहीत होते का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'ठरल्याप्रमाणे कळवले का' हा प्रश्न पुढे येतो.

या दृष्टीने आता उत्पादकाच्या तिन्ही नोटिसा तपासू.

पहिली नोटीस : साधन चुकले

व्हॉट्सअॅपचा संदेश लेखी आहे, यात शंका नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 ने इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी मजकुराचा दर्जा दिलेला आहे. पण करारात चार साधने मोजून दिली आहेत आणि 'पाठवली पाहिजे' असा शब्द आहे. व्हॉट्सअॅप त्या यादीत नाही. शिवाय संदेश मुनिमाला गेला. करारात नोटीस घेणारा म्हणून त्याचे नाव नाही.

काही जण म्हणतील की न्यायालये व्हॉट्सअॅप मानतात. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसुलीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले होते, कारण ती उघडून वाचल्याच्या खुणा दिसत होत्या. पण ती न्यायालयीन कामातील नोटीस होती. तिथे पक्षकारांनी आपसात ठरवलेल्या साधनांचा प्रश्न नव्हता. आपल्या करारात यादी आहे, तेव्हा त्या निकालावर विसंबून 7 लाख 20 हजारांचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. 'ठीक आहे' हे उत्तर पुरावा म्हणून जपून ठेवावे. पेढीला उत्पादकाचा इरादा आधीच माहीत होता हे त्यातून दिसते. पण नोटीस म्हणून त्याचा भरवसा धरू नये.

दुसरी नोटीस : तारीख बरोबर, पत्ता चुकला

कुरिअरचे पत्र ही तिघांतली सर्वांत चांगली नोटीस होती. आधी तिची तारीख मोजू.

मुदत 31 मार्चला संपते. 'किमान तीस दिवस आधी' हे मोजताना सुरक्षित रीत अशी की, नोटीस मिळाल्याचा दिवस सोडावा आणि मुदत संपण्याचा दिवसही सोडावा. मध्ये पूर्ण तीस दिवस उरले पाहिजेत. 1 मार्च ते 30 मार्च हे बरोबर तीस दिवस होतात. म्हणजे नोटीस मिळण्याची शेवटची तारीख 28 फेब्रुवारी.

पत्र 25 फेब्रुवारीला रवाना झाले. दुसऱ्या दिवशी, बुधवार 26 तारखेला, महाशिवरात्र होती. बँका बंद होत्या. म्हणून तो दिवस मोजायचा नाही. 27 हा पहिला कामकाजाचा दिवस, 28 हा दुसरा. म्हणजे कलमानुसार पत्र 28 फेब्रुवारीला मिळाले असे मानले जाईल. नेमके शेवटच्या दिवशी, पण मुदतीत. हेच पत्र 27 तारखेला रवाना केले असते तर शुक्रवार 28 हा पहिला दिवस, आणि शनिवार 1 मार्च हा दुसरा दिवस ठरला असता, कारण महिन्याच्या पहिल्या शनिवारी बँका उघड्या असतात. त्या स्थितीत नोटीस एका दिवसाने चुकली असती.

पोस्टाने पाठवायचे असते तर चार दिवस लागले असते. 28 पासून मागे मोजा : 28, 27, 25 आणि 24. 22 तारखेला चौथा शनिवार असल्याने बँका बंद, 23 ला रविवार. म्हणजे पत्र 22 तारखेपर्यंत तरी पोस्टात पडायला हवे होते. सुट्यांमुळे तारीख कशी आठवडाभर मागे सरकते, हे यावरून ध्यानात येईल. 2025 मध्ये तर 2 मार्चला पहिला रोजा होता. रमजानच्या तोंडावर दुकानात गर्दी असते, आणि असली कामे नेमकी त्याच दिवसांत राहून जातात.

या पद्धतीला मराठी कायदेभाषेत 'मानीव' म्हणतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे हा शब्द आता सर्वांना परिचित झाला आहे. मानीव पोच म्हणजे पत्र प्रत्यक्ष कधी हातात पडले याचा वाद टाळण्यासाठी दोघांनी आधीच ठरवून ठेवलेली तारीख. आपल्या उदाहरणात पत्र प्रत्यक्ष 27 ला पोहोचले आणि मानीव तारीख 28 आहे. दोन्ही मुदतीत असल्याने वाद नाही. पण प्रत्यक्ष पोच 3 मार्चची आणि मानीव तारीख 28 फेब्रुवारीची असती, तर पाठवणारा मानीव तारखेवर बोट ठेवणार आणि घेणारा प्रत्यक्ष तारखेवर. कलमात 'उलट सिद्ध होईपर्यंत' असे शब्द असतील तर घेणाऱ्याला प्रत्यक्ष तारीख सिद्ध करता येते. ते शब्द नसतील तर पाठवणाऱ्याची बाजू भक्कम. म्हणून नियम असा पाळावा की, मानीव आणि प्रत्यक्ष या दोन्ही तारखांपैकी जी उशिरात उशिराची, तीही मुदतीत बसली पाहिजे.

तारीख अशी बरोबर होती. मग घोटाळा कुठे झाला? पत्त्यात.

कलम म्हणते की पत्ता बदलल्यास तो रीतसर नोटीस देऊन कळवावा लागेल आणि तोपर्यंत करारातील पत्ताच योग्य. पेढीने बिलावर नवा पत्ता छापला, पण नोटीस दिली नाही. म्हणजे करारापुरता जुना पत्ताच कायम राहिला. उत्पादकाने जुन्या पत्त्यावर पत्र पाठवले असते आणि ते 'येथून गेले' असा शेरा होऊन परत आले असते, तरी कलमानुसार ती नोटीस वैध ठरली असती, कारण पत्ता कळवण्याची जबाबदारी पेढीची होती. उलट, नव्या पत्त्यावरची नोटीस पेढीच्या प्रत्यक्ष हाती पडूनही ती करारातील पत्त्यावर गेलेली नाही.

याचा अर्थ उत्पादकाची बाजू पूर्ण पडली असा नाही. तो म्हणू शकतो की, पेढीने स्वतःच बिलावर हा पत्ता दिला, तिथे शिक्का मारून पत्र घेतले, तेव्हा आता तिला तक्रारीला जागा नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे आणि अनेकदा टिकतोही, कारण नोटिशीचा हेतू समोरच्याला कळवणे हाच असतो. पण 'टिकू शकतो' आणि 'वादच नाही' यांत फरक आहे. वकिलाची फी, लवादाच्या तारखा, अडकलेला माल आणि बिघडलेली पत हा सगळा खर्च त्या फरकात येतो. दुसरे एक पाकीट जुन्या पत्त्यावर पाठवायला फार तर शंभर-दोनशे रुपये लागले असते.

तिसरी नोटीस : पत्ता बरोबर, वेळ चुकली

ईमेल करारातल्याच पत्त्यावर गेला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 13 सांगते की, अन्यथा ठरले नसेल तर, घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला त्याच क्षणी तो मिळाला असे धरावे. त्याने तो वाचला की नाही हा प्रश्न नाही. मात्र नेमून दिलेली यंत्रणा सोडून त्याच्या दुसऱ्या एखाद्या ईमेलवर पाठवला, तर तो त्याने प्रत्यक्ष उघडून घेतला तेव्हाच मिळाला असे धरले जाते. रोजच्या ऑर्डरी ज्या कारकुनाला जातात त्याच्याच ईमेलला उत्तर म्हणून नोटीस जोडून देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

पण 'अन्यथा ठरले नसेल तर' या शब्दांमुळे इथेही करारच वरचढ ठरतो. करारात सायंकाळी 6 ची मर्यादा आहे. ईमेल 6 वाजून 40 मिनिटांनी गेला, म्हणून तो पुढच्या कामकाजाच्या दिवशी, म्हणजे 1 मार्चला मिळाला असे मानले जाईल. चाळीस मिनिटांनी एक दिवस गेला आणि त्या एका दिवसाने नोटीस मुदतीबाहेर पडली. त्यातच त्याच दिवशी कुरिअरने प्रत रवाना करण्याची अटही राहून गेली. हा ईमेल दुपारी चार वाजता गेला असता आणि सोबत एक प्रत करारातील पत्त्यावर कुरिअरने निघाली असती, तर पेढीला एप्रिलचे बिल पाठवायला तोंड राहिले नसते.

अशा रीतीने तीन नोटिसा झाल्या आणि प्रत्येकीत एकेक गोष्ट चुकली. एकीत साधन, दुसरीत पत्ता, तिसरीत वेळ. या तिन्ही गोष्टी एकाच नोटिशीत बरोबर जुळल्या पाहिजेत. दोन अपुऱ्या नोटिसा मिळून एक पुरी नोटीस होते, असे म्हणण्यासारखे त्या करारात एक अक्षरही नव्हते.

पुराव्याची बाजू

नोटीस बरोबर पाठवली तरी वर्ष-दोन वर्षांनी ती सिद्ध करावी लागते. कुरिअरच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी. कलम 27 मध्ये रजिस्टर्ड पोस्टाचा उल्लेख आहे, कुरिअरचा नाही. म्हणजे कुरिअरच्या पाकिटाला तो कायदेशीर आधार नाही. कराराचे कलम आणि तुमच्याजवळची पावती हाच आधार. पावतीवर पूर्ण पत्ता लिहून घ्यावा. नुसते 'मुंबई' लिहिलेली पावती पुढे उपयोगी पडत नाही. पाकिटात काय होते याचा वाद टाळण्यासाठी पावतीच्या मजकुराच्या रकान्यात 'करार संपवण्याची नोटीस' असे लिहावे आणि पत्रावर पावतीचा क्रमांक नोंदवून त्याची झेरॉक्स ठेवावी. पोच झाल्याचा संगणकावरील तपशील त्याच आठवड्यात छापून घ्यावा, कारण काही काळाने तो दिसेनासा होतो. परत आलेले पाकीट फोडू नये. शेऱ्यासह तसेच बंद ठेवावे.

पोस्टाबाबत एक बदल ध्यानात घ्यावा. डाक विभागाने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. आता ज्याच्या नावे पत्र आहे त्याच्याच हाती ते पडावे असे वाटत असेल, तर स्पीड पोस्टावर रजिस्ट्रेशनची जादा सोय मागून घ्यावी लागते. ज्यांच्या जुन्या करारात केवळ 'रजिस्टर्ड पोस्ट' हाच शब्द आहे, त्यांनी रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट करून पावतीवर ती नोंद आहे ना हे खिडकीवरच पाहावे. नव्या करारात 'किंवा तिच्या जागी येणारी सेवा' हे शब्द घालावेत.

ईमेलचे प्रिंट काढून फाइलला लावले की काम झाले, असेही नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र लागते. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सांगितले. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली होते. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली आहे. म्हणून मूळ ईमेल पेटीतून काढून टाकू नये, आणि नोकर बदलला तरी ती पेटी बंद करू नये. ईमेल पोहोचला नाही असा परत संदेश आला, तर तो ईमेल गेला असे समजून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी दुसरे साधन वापरावे.

करार करताना काय पाहावे?

कलम दोन्ही बाजूंना सारखेच लागू असते. आज आपण नोटीस देणारे आहोत, उद्या घेणारे असू शकतो. म्हणून सहीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पत्ता असा द्यावा की जिथे आपला माणूस रोज असतो. बंद गोदामाचा किंवा गावाकडच्या घराचा देऊ नये, कारण तिथे आलेली नोटीस न वाचताच आपल्याला मिळाली असे मानले जाईल. ईमेल एका नोकराच्या नावाचा नसावा. पेढीच्या नावाचा असावा आणि तो दोन जणांनी रोज पाहावा. कामकाजाचा दिवस कोणत्या गावाच्या सुट्यांवरून मोजायचा, हे लिहिलेले असावे. आणि कार्यालय हलवले की त्याच दिवशी सर्व चालू करारांच्या पक्षांना कलमाप्रमाणे पत्तेबदलाची नोटीस द्यावी. बिलावर नवा पत्ता छापल्याने ते काम होत नाही.

नोटीस देण्याची वेळ आली की शेवटच्या तारखेपासून उलट मोजावे. आधी मुदत संपण्याची तारीख, मग पूर्ण दिवस सोडून नोटीस मिळण्याची शेवटची तारीख, मग मानीव पोचीचे कामकाजाचे दिवस, सुट्या वगळून. जी तारीख येईल तिच्याही आठ दिवस आधी पाकीट निघाले पाहिजे. एक पाकीट करारातील पत्त्यावर, एक समोरच्याच्या सध्याच्या पत्त्यावर, आणि एक ईमेल करारातील ईमेलवर, कामकाजाच्या दिवशी दुपारी बारापूर्वी.

आमच्या उदाहरणातील उत्पादकाने हा हिशेब 15 फेब्रुवारीला बसून केला असता, तर दोन पाकिटे आणि एक ईमेल एवढ्यावर त्याचा करार 31 मार्चला संपला असता. त्याऐवजी त्याला कुरिअरची पोच, बिलावरचा पत्ता आणि मुनिमाचे 'ठीक आहे' घेऊन लवादासमोर उभे राहावे लागेल. तिथे तो कदाचित जिंकेलही. पण जो वाद निर्माणच व्हायला नको होता, तो जिंकण्यासाठी त्याला वर्ष घालवावे लागेल. आपल्या चालू करारांच्या फायली या आठवड्यात एकदा काढा, नोटिशीचे कलम वाचा आणि त्यात लिहिलेला तुमचा स्वतःचा पत्ता अजून खरा आहे का, हे आधी पाहा.